“पाऊस?” – एका शब्दाच्या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे

मराठवाड्यातील एका गावची गोष्ट. आर्द्रा नक्षत्र नुकतेच लागले होते. २१ जूनच्या रात्री चांगली सर येऊन गेली होती व २२ तारखेची सकाळ ढगाळ उजाडली होती. कृषी खात्याचा ग्रामपातळीवरील कार्यकर्ता एस. टी.तून उतरून चावडीकडे निघाला. वाटेत त्याला तीन जण भेटले आणि तिघांनीही एकच शब्द उच्चारला.

पहिले भेटले ते पारावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ. “काय साहेब, पाऊस?” ते म्हणाले. दुसरा भेटला तो कडब्याची गंज उघडी असलेला एक गडी. तो घाईत होता. त्यानेही चालता चालताच “साहेब, पाऊस?” एवढेच विचारले. तिसऱ्या शेतकऱ्याची बैलगाडी कृषी सेवा केंद्राच्या दारात उभी होती व गाडीत सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या होत्या. त्यानेही गाडीवरूनच हाक दिली, “पाऊस, साहेब?”

कार्यकर्त्याने तिघांनाही हसतमुखाने एकच उत्तर दिले, “पाऊस काय, आता चांगलाच सुरू झाला!”

वृद्ध गृहस्थ संतुष्ट झाले. गेल्या कित्येक वर्षांच्या आर्द्रांची आठवण त्यांनी काढली व दोन घटका गप्पा झाल्या. कडब्याच्या धन्याने घरी जाऊन अर्धा दिवस खर्ची घालून गंज झाकली. त्या संध्याकाळी पाऊस आला नाही, परंतु त्याचे फारसे बिघडलेही नाही. तिसऱ्या शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी दोन एकरांत साठ किलो बियाणे पेरले. त्यानंतर बारा दिवस पावसाचा थेंब पडला नाही. आठव्या दिवशी कार्यकर्ता त्याच्या शेतात गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक ओळी रिकाम्या होत्या. खुरप्याने माती उकरली असता वरची चार बोटे माती कोरडी आढळली व त्याखाली फुगून पुन्हा आकसलेले, कुजू लागलेले दाणे हाती आले. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर त्या शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागली.

कार्यकर्ता खोटे बोलला नव्हता. पाऊस खरोखरच सुरू झाला होता. चूक झाली ती अशी की, तीन निरनिराळ्या प्रश्नांना त्याने एकच प्रश्न समजून उत्तर दिले.

एका शब्दातील तीन प्रश्न

जेव्हा कोणी नुसता विषय उच्चारतो, तेव्हा त्या शब्दामागे साधारणपणे तीनपैकी एक इच्छा असते. त्याला मोजलेली माहिती हवी असते, किंवा ताजी वार्ता हवी असते, किंवा केवळ चार शब्द बोलावयाचे असतात. बियाणे घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला माहिती हवी होती: आतापर्यंत किती पाऊस पडला व तो पेरणीस पुरेसा आहे काय? कडब्याच्या धन्याला वार्ता हवी होती: आज संध्याकाळी पाऊस येणार काय? पारावरील आजोबांना गप्पा हव्या होत्या. त्यांना मिलिमीटर सांगितले असते तर ते हिरमुसले असते.

ही गोष्ट केवळ पावसाची नाही. पारावर जमलेल्या तरुणांपैकी एखादा “क्रिकेट?” असे म्हणतो, तेव्हाही तेच घडते. त्याला चालू सामन्याच्या धावा हव्या असतील, १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला त्याबद्दल पैज लागली असेल, किंवा बसून बोलावयास एक विषय हवा असेल. येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. १९८३ ची गोष्ट कधीही शिळी होत नाही. चालू धावा काही क्षणांत शिळ्या होतात. पावसाची मोजणी एक दिवस टिकते आणि पावसाचा अंदाज दोन-तीन दिवसांत बदलतो. म्हणून माहिती देताना ठिकाण सांगावे लागते, तर वार्ता देताना वेळ सांगावीच लागते. “पाऊस चांगला आहे” या वाक्यात ठिकाणही नाही आणि वेळही नाही. म्हणून ते गप्पांना चालते व इतर दोन्ही कामांना निरुपयोगी ठरते.

विचारणारा पूर्ण प्रश्न का विचारीत नाही, असे वाटणे साहजिक आहे. त्याच्या मनात प्रश्न पूर्ण असतो. बियाण्याच्या पिशव्या त्याच्या डोळ्यांपुढे असतात आणि त्या समोरच्यालाही दिसत आहेत, असे तो गृहीत धरतो. शिवाय अधिकाऱ्यापुढे लांबलचक प्रश्न मांडण्याचा संकोचही असतो. एक शब्द टाकून पाहावा व साहेब काय म्हणतात ते ऐकावे, अशी ही रीत आहे. तीत आळस नाही.

हेतू कसा ओळखावा

समोरासमोर भेट झाली असता हेतू ओळखण्यास तीन खुणा पुरतात. पहिली खूण म्हणजे विचारणाऱ्याच्या हातातील काम. तिफण, बियाणे व खत दिसले की प्रश्न ‘किती’ चा असतो. उघडी गंज, वाळत घातलेले धान्य, फवारणीचा पंप किंवा बाजारास निघालेली गाडी दिसली की प्रश्न ‘केव्हा’ चा असतो. हात रिकामे व माणूस बसलेला असेल, तर बहुधा प्रश्न बोलण्याचा असतो. दुसरी खूण म्हणजे वेळ. पेरणीच्या तोंडावर ‘पाऊस’ म्हणजे ओल, काढणीच्या वेळी ‘पाऊस’ म्हणजे उघडीप, आणि उन्हाळ्यातील दुपारी ‘पाऊस’ म्हणजे पुष्कळदा केवळ सुस्कारा. तिसरी खूण म्हणजे माणूस थांबतो की चालत राहतो ही होय. घाईत चालणाऱ्याला वार्ता हवी असते आणि चप्पल काढून बसणाऱ्याला गप्पा.

तथापि या खुणा फसवू शकतात. पारावर निवांत बसलेल्या माणसाचे बियाणेही घरी तयार असू शकते. म्हणून एक नियम पाळावा. जेथे हेतू निश्चित कळत नाही, तेथे ज्या अर्थाची चूक सर्वांत महाग पडेल तो अर्थ प्रथम धरावा. वरील उदाहरणात गप्पा हव्या असणाऱ्याला माहिती दिली असती, तर फक्त गप्पांचा रंग थोडा उतरला असता. गंज उगीचच झाकली गेल्याने अर्धा दिवस गेला. माहिती हवी असणाऱ्याला मात्र गप्पा मिळाल्या व साठ किलो बियाणे मातीत गेले. तिन्ही चुकांची किंमत सारखी नाही. पेरणीच्या दिवसांत ‘पाऊस?’ या शब्दाला पेरणीचाच प्रश्न मानावे, हे यावरून स्पष्ट होईल.

उत्तराची बांधणी

त्या सकाळी कार्यकर्त्याजवळ सांगण्यासारखे काय होते ते पाहू. गावच्या पर्जन्यमापकात ९ जून रोजी १२ मिलिमीटर, १४ जून रोजी ९ मिलिमीटर आणि २२ जूनच्या सकाळी साडेआठ वाजता २८ मिलिमीटर, असा पाऊस नोंदला गेला होता. पावसाची मोजणी रोज सकाळी साडेआठला होते व ती मागील चोवीस तासांची असते, हे येथे लक्षात ठेवावे. सकाळी सात वाजता “काल किती पडला?” असे विचारल्यास खरे उत्तर अद्याप तयारच नसते.

तिन्ही नोंदींची बेरीज ४९ मिलिमीटर होते. खरिपाच्या कोरडवाहू पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. म्हणजे कमीत कमी मर्यादा गाठावयासही २६ मिलिमीटर कमी पडत होते. पण येथे बेरीजसुद्धा फसवी आहे. ९ तारखेचा पाऊस २२ तारखेपर्यंत मातीत राहिलेला नव्हता. त्यानंतरच्या ऊनवाऱ्याने वरचा थर पुन्हा सुकला होता. खरी ओल होती ती मुख्यतः शेवटच्या २८ मिलिमीटरची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. अठ्ठावीस लिटर पाणी ऐकावयास पुष्कळ वाटते, परंतु उन्हाळाभर तापून भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ते वरच्या थरातच जिरून जाते. सोयाबीनच्या दाण्याला रुजण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषावे लागते. दाणा फुगला आणि मग ओल संपली, तर तो ना उगवतो ना पुन्हा बियाणे म्हणून कामास येतो.

आता हे सर्व गाडीवरून हाक मारणाऱ्या शेतकऱ्याला सांगत बसावयाचे काय? नाही. येथे दुसरी चूक संभवते व नवीन, उत्साही कार्यकर्त्यांकडून ती वारंवार होते. एका शब्दाला पंधरा मिनिटांचे भाषण मिळाले, तर ऐकणारा त्यातील सोयीचे एक वाक्य उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. म्हणून उत्तर तीन वाक्यांचे असावे. पहिल्या वाक्यात मोजलेली गोष्ट, ठिकाण व वेळ यांसह सांगावी. दुसऱ्या वाक्यात पुढील दोन दिवसांचा अंदाज व त्याचा अर्थ सांगावा. तिसरे वाक्य म्हणजे एक लहानसा प्रश्न असावा व त्याला एका शब्दातच उत्तर देता यावे.

बैलगाडीवरील शेतकऱ्याला असे म्हणता आले असते: “अण्णा, आज सकाळपर्यंत आपल्या गावात अठ्ठावीस मिलिमीटर पडला, जूनपासूनचा एकोणपन्नास. पुढचे दोन दिवस जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस सांगितला आहे, म्हणजे आपल्या शिवारात पडेलच असं नाही. पेरणीसाठी विचारता का?” अण्णा “हो” म्हणाले असते आणि मग पुढील एकच वाक्य पुरले असते: “मग पंचाहत्तर तरी भरू द्या, अन् पेरायच्या आधी खुरप्यानं वीतभर उकरून बघा.”

हेच पहिले वाक्य कडब्याच्या धन्याला सांगितले असते तर बिघडले नसते. दुसरे वाक्य तर त्याच्याच कामाचे होते. आजोबांनाही अठ्ठावीस हा आकडा गप्पांना पुरला असता. तीन वाक्यांच्या उत्तराचा गुण हाच की, हेतू चुकीचा ओळखला गेला तरी ते कोणालाही घातक ठरत नाही.

तिसरे वाक्य शेवटीच का?

काही कार्यकर्ते सावधगिरी म्हणून प्रथमच विचारतात, “पाऊस म्हणजे? नक्की काय पाहिजे?” यात त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु ऐकणाऱ्याला ती उलटतपासणी वाटते. संकोची शेतकरी “काही नाही, सहज विचारलं” असे म्हणून निघून जातो व प्रश्न त्याच्याच जवळ राहतो. आधी थोडे द्यावे, मग विचारावे. आपल्याला काही मिळाले असे दिसले की माणूस पुढे बोलतो.

विचारावयाचा प्रश्नही मोघम नसावा. “आणखी काही माहिती हवी काय?” याला बहुधा “नको” असेच उत्तर येते. “पेरणीसाठी विचारता, की काही झाकायचं आहे?” असे दोन वाटांचे विचारले, की विचारणारा आपली वाट दाखवितो, किंवा तिसरी वाट असेल तर तीही सांगतो.

विचारणाऱ्याचे दुसरे वाक्य कान देऊन ऐकावे, कारण पहिल्या शब्दाचा अर्थ त्यात उघड होतो. तो “किती?” म्हणाला, तर त्याला माहिती हवी आहे. “कधी?” म्हणाला, तर वार्ता हवी आहे. आणि “औंदा मृगानं चांगलंच ताणलं बघा” असे आपलेच काही सांगू लागला, तर त्याला बोलावयाचे आहे. अशा वेळी आकडे बाजूस ठेवून त्याचे ऐकावे. कोणत्या विहिरीला किती पाणी आले, कोणी पेरणी उरकली, कोणाच्या घरी बियाणे नाही, या गोष्टी गप्पांतूनच कळतात व त्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत.

फोनवरील एकच शब्द

आता पुष्कळ शेतकरी फोनवर संदेश पाठवितात. संदेशात सूर नाही, बैलगाडी नाही, हातातील काम नाही. त्याच गावच्या त्याच कार्यकर्त्याला पुढील वर्षी जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजता एक संदेश आला: “पाऊस”. प्रश्नचिन्हही नव्हते.

कार्यकर्त्याने प्रथम नाव पाहिले. पाठविणाऱ्याकडे कांद्याची चाळ होती व चार एकर कोरडवाहू जमीनही होती. म्हणजे हेतू दोन्हींपैकी कोणताही असू शकत होता. ‘पाऊस पडत आहे’ अशी बातमीच तो देत असण्याचाही संभव होता. कार्यकर्त्याने लिहिले: “आज सकाळी ८.३० पर्यंत गावात ६ मि.मी., जूनपासून ३१ मि.मी. आज दुपारच्या अंदाजानुसार उद्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी पाऊस. चाळीसाठी विचारले की पेरणीसाठी?” उत्तर आले: “चाळ. वरचा पत्रा उडाला.” तेव्हा प्रश्न पावसाचा नसून वाऱ्याने झालेल्या नुकसानीचा होता, हे उघडकीस आले. कार्यकर्त्याने रात्रीतच ताडपत्री टाकण्यास सांगितले व सकाळी स्वतः जाऊन चाळ पाहिली. शेवटचा दोन वाटांचा प्रश्न नसता, तर ही गोष्ट कळली नसती.

संदेशात वेळ लिहिणे विशेष अगत्याचे आहे. बोललेले वाक्य त्याच वेळी ऐकले जाते, लिहिलेले मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीही वाचले जाते व दुसऱ्या गावी पाठविलेही जाते. “उद्या पाऊस” हा मजकूर दोन दिवस फिरत राहिला, तर प्रत्येक वाचणाऱ्याचा ‘उद्या’ निराळा होतो. म्हणून ‘उद्या’ या शब्दाशेजारी वार व तारीख घालणे अधिक चांगले. वरील संदेशात एवढी उणीव राहिली होती.

अंदाजाच्या शब्दांचा अर्थ

दुसऱ्या वाक्यात अंदाजाचे शब्द येतात. त्यांचा व्यवहारातील अर्थ व हवामान खात्याचा अर्थ यांत अंतर आहे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ असा की, त्या भागातील चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून अधिक परंतु पाऊण हिश्शापर्यंत केंद्रांवर. हे शब्द पाऊस किती पसरेल ते सांगतात, किती पडेल ते सांगत नाहीत. प्रमाणासाठी निराळे शब्द आहेत. ‘हलका पाऊस’ म्हणजे चोवीस तासांत सुमारे अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर. ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ असे ऐकून शेतकरी ‘जोरदार’ एवढेच लक्षात ठेवतो व ‘तुरळक’ विसरतो. कार्यकर्त्याने तेवढे एक वाक्य उलगडून सांगावे. जिल्ह्याचा अंदाज हा एका शिवाराचा अंदाज नव्हे, हेही त्यात आलेच.

जेथे ही रीत चालत नाही

आधी द्यावे व मग विचारावे, ही रीत सर्व शब्दांना लागू नाही. कोणी “औषध?” किंवा “फवारणी?” असा एकच शब्द उच्चारला, तर आधी विचारणेच योग्य. पीक कोणते, कीड कोणती, पीक किती दिवसांचे, हे कळल्यावाचून दिलेले कोणतेही उत्तर अपाय करू शकते. पावसाचा आकडा चुकीच्या माणसाला मिळाला तर काही बिघडत नाही. औषधाचे नाव चुकीच्या पिकाला मिळाले तर पीक करपते. तेव्हा जो शब्द ऐकताच कोणालाही अपाय न होणारे एखादे खरे वाक्य सांगता येते, त्याला आधी उत्तर द्यावे. ज्या शब्दाला असे वाक्य नाही, तेथे आधी प्रश्न विचारावा.

पेरणीच्या हंगामात कार्यकर्त्यांनी रोज सकाळी पावणेनऊच्या सुमारास तीन गोष्टी खिशातील वहीत टिपून ठेवाव्यात: आजची मोजणी, जूनपासूनची बेरीज व पुढील दोन दिवसांचा अंदाज, तारखेसह. शेतकरी बंधूंनीही एक शब्द अधिक उच्चारला तर काम सोपे होईल. “पाऊस?” याऐवजी “पेरणीला पाऊस?” एवढे म्हटले तरी पुरे.

मराठवाड्यातील त्या शेतकऱ्याने पुढील हंगामात तेच केले. एस. टी. थांब्यावर कार्यकर्ता दिसताच तो म्हणाला, “साहेब, पेरणीला पाऊस?” कार्यकर्त्याने वही उघडून आकडा सांगितला. त्या दिवशी एकतीस मिलिमीटर झाले होते. शेतकऱ्याने पिशव्या घरी ठेवल्या आणि आठ दिवस वाट पाहिली.